वर्षभराच्या स्प्रिंट तारखा दर सुट्टीला का घसरतात, आणि त्या जागेवर कशा ठेवायच्या

लक्षण एकच, पण दर वर्षी येतं. जानेवारीत बसून दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटची वर्षभराची यादी केली जाते. सगळे शेवट मंगळवारी. मग धुळवड येते, एक तारीख सरकवावी लागते. गुढीपाडव्यापर्यंत शेवट कधी शुक्रवारी, कधी सोमवारी पडायला लागतो. मे महिन्यात टीममधलं कुणीतरी विचारतं, "ताई, आपला रिव्ह्यू नक्की मंगळवारी की गुरुवारी?" तेव्हा यादी पुन्हा हातानं लिहिली जाते, आणि गणपती आले की पुन्हा मोडते.

खालचं सगळं छत्रपती संभाजीनगरात बसणाऱ्या टीमच्या हिशेबानं लिहिलं आहे. वर्ष २०२६, शेवट मंगळवारी, रिव्ह्यूला सरकारी खात्याचे साहेब लोक, म्हणून राज्य शासनाची सार्वजनिक सुट्ट्यांची यादी पाळावी लागते. शीट एक्सेल असो की गुगल शीट्स, फॉर्म्युले तेच चालतात.

घसरण नेमकी कुठून सुरू होते

बहुतेक शीटमध्ये पुढची तारीख मागच्या तारखेवरून काढलेली असते. याचे दोन प्रकार दिसतात. पहिला साधा, मागच्या तारखेत चौदा दिवस मिळवायचे. दुसरा जरा हुशारीचा, `Suttya` या नावानं ठेवलेल्या यादीतल्या सुट्ट्या वगळून मागच्या तारखेपासून कामाचे दहा दिवस मोजायचे:

```
=C2+14
=WORKDAY(C2,10,Suttya)
```

पहिल्यात गडबड अशी होते की ३ मार्चला धुळवड म्हणून कुणी त्या सेलमध्ये हातानं २ मार्च टाकतं, आणि त्याखालच्या सगळ्या तारखा मुकाट्यानं सोमवारवर जातात. १७ मार्चच्या जागी १६, ३१ च्या जागी ३०. एरर येत नाही, लाल खूण येत नाही. एक सेल सरकवला आणि उरलेलं वर्ष सरकलं.

दुसऱ्यात हातही लावावा लागत नाही, ते आपोआप बिघडतं. ६ जानेवारीपासून चालवून पाहा. पहिला शेवट ६ जानेवारी मंगळवार, पुढचा २० जानेवारी, तोही मंगळवार. त्यानंतरच्या दहा दिवसांत प्रजासत्ताक दिनाचा सोमवार गेला, म्हणून शेवट ४ फेब्रुवारी, बुधवार. पुढचा १८ फेब्रुवारी, बुधवारच. मग शिवजयंतीचा गुरुवार आणि धुळवडीचा मंगळवार असे दोन दिवस गेले, शेवट ६ मार्च, शुक्रवार. मग गुढीपाडव्याचा गुरुवार गेला, शेवट २३ मार्च, सोमवार. अडीच महिन्यांत मंगळवार, बुधवार, शुक्रवार, सोमवार असा फेरा झाला. प्रत्येक स्प्रिंटला पूर्ण दहा दिवस मिळाले हे खरं, पण ज्यांना रिव्ह्यूला बोलवायचं त्यांच्या कॅलेंडरवर आपला कुठलाच वार उरला नाही. शिवाय प्रत्येक सुट्टी यादी एकेक दिवस पुढे ढकलते, त्यामुळे सव्वीस स्प्रिंट वर्षात मावत नाहीत.

माझं मत स्पष्ट आहे. दोन आठवड्यांचा स्प्रिंट हा कॅलेंडरचा ठोका असतो, कामाच्या दिवसांचं माप नसतं. दिवस कमी पडले तर स्प्रिंटमध्ये काम कमी घ्यायचं. वार हलवायचा नाही.

दुरुस्ती: मूळ तारीख आणि प्रत्यक्ष तारीख वेगळ्या कॉलममध्ये

एक सेल ठरवा, त्यात वर्षाचा पहिला शेवट टाका. आपण H1 धरू. B कॉलममध्ये मूळ तारीख येईल, आणि ती कायम H1 वरूनच निघेल, वरच्या ओळीवरून कधीच नाही. C मध्ये प्रत्यक्ष शेवट येईल, तो B वरून निघेल. A मध्ये नुसते १ ते २६ क्रमांक, आणि F मध्ये सुट्ट्यांची यादी.

```
H1: =DATE(2026,1,13)
B2: =$H$1+14*(A2-1)
C2: =WORKDAY(B2+1,-1,Suttya)
```

C2 मधला फॉर्म्युला आधी विचित्र वाटतो. मूळ तारखेच्या दुसऱ्या दिवशी उभं राहायचं आणि कामाचा एक दिवस मागे यायचं, असा त्याचा अर्थ. मूळ तारीख कामाचीच असेल तर उत्तर तीच येतं. सुट्टी असेल तर तिच्या अलीकडचा कामाचा दिवस येतो, मधे शनिवार-रविवार असले तरी. दसरा २० ऑक्टोबरला, मंगळवारी आहे. २१ तारखेवर उभं राहून एक कामाचा दिवस मागे आलं की १९ ऑक्टोबर, सोमवार. पुढची ओळ पुन्हा H1 वरून निघते, त्यामुळे ३ नोव्हेंबर मंगळवारच राहतो. दसऱ्याची झळ दसऱ्याच्या ओळीला लागते आणि तिथंच थांबते.

शेवट मागे घ्यायचा की पुढे, यावर दर वेळी चर्चा होते. मी मागेच घेते. पुढे घेतला तर पुढच्या स्प्रिंटचं प्लॅनिंग त्याच दिवशी कोंबावं लागतं, आणि सुट्टीवरून परतलेला माणूस पहिल्याच सकाळी डेमो द्यायला उभा राहतो. गावाहून रात्रीच्या गाडीनं परभणी-जालना करत आलेल्या माणसाकडून दहा वाजता डेमोची अपेक्षा ठेवणं मला तरी जमत नाही. कुणाला पुढेच हवा असेल तर `=WORKDAY(B2-1,1,Suttya)` वापरावा. पण वर्षभर एकच नियम पाळायचा. निम्म्या सुट्ट्या मागे आणि निम्म्या पुढे केल्या की नियमच राहत नाही.

स्प्रिंट कधी सुरू होतो आणि त्यात कामाचे किती दिवस आहेत, यासाठी आणखी दोन कॉलम:

```
D2: =WORKDAY(B2-14,1,Suttya)
D3: =WORKDAY(C2,1,Suttya)
E2: =NETWORKDAYS(D2,C2,Suttya)
```

D2 फक्त पहिल्या ओळीपुरता. D3 खाली ओढायचा.

मंगळवार तोच, आठवडा दुसरा

याकडे फार कमी लोक बघतात, आणि खरी बचत इथंच आहे. दोन आठवड्यांचा ठोका म्हटलं की एकाच वाराचे दोन पर्याय असतात, या आठवड्यातला किंवा पुढच्या. २०२६ मध्ये या दोन पर्यायांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

या वर्षी राज्याच्या यादीत मंगळवारी येणाऱ्या सुट्ट्या अशा: ३ मार्चची धुळवड, ३१ मार्चची महावीर जयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, २० ऑक्टोबरचा दसरा, १० नोव्हेंबरचा पाडवा आणि २४ नोव्हेंबरची गुरुनानक जयंती. आता अंतरं मोजा. ३ मार्च ते ३१ मार्च चार आठवडे. तिथून १४ एप्रिल दोन आठवडे. १० नोव्हेंबर आणि २४ नोव्हेंबर यांच्यातही दोन आठवडे. म्हणजे दसरा सोडला तर सगळ्या सुट्ट्या एकाच लयीत बसल्या आहेत. ६ जानेवारीला पहिला शेवट धरून यादी केली तर या पाचही तारखा बरोबर स्प्रिंटच्या शेवटावर येतात. १३ जानेवारीला धरली तर फक्त दसरा आडवा येतो. पाच हलवाहलवींची एक झाली, ती केवळ एक आठवडा पुढून सुरुवात केल्यामुळे.

हे डोळ्यांनी शोधत बसायची गरज नाही. एका रिकाम्या सेलमध्ये हे टाका आणि H1 बदलून बघा:

```
=SUMPRODUCT(--(B2:B27<>C2:C27))
```

मूळ आणि प्रत्यक्ष तारीख जुळत नाही अशा ओळी किती, ते हा सेल सांगतो. दोन्ही मंगळवार, दोन्ही बुधवार, दोन्ही गुरुवार असे सहा पर्याय पाच मिनिटांत तपासून होतात. गेल्या वर्षीचा ठोका चुकीच्या आठवड्यावर असेल तर वर्ष बदलताना एकच एका आठवड्याचा स्प्रिंट घालायचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तसंही नवं काम कुणी हाती घेत नाही, त्यामुळे तो तिथं खपून जातो.

पुढच्या वर्षी हेच गणित पुन्हा करावं लागतं. सव्वीस स्प्रिंटचे ३६४ दिवस होतात, म्हणून यादी पुढे नेली तर पहिला शेवट १२ जानेवारी २०२७ ला येतो, मंगळवारीच. पण सण तिथीनं फिरतात आणि १४ एप्रिल, १ मे यांसारख्या ठरलेल्या तारखांचा वार बदलतो. यंदाचा चांगला आठवडा पुढच्या वर्षी चांगला असेलच असं नाही.

फॉर्म्युला बरोबर, तरी तारीख चुकते

वरचं सगळं नीट घातलं आणि तरी काहीतरी खटकतंय, तर दोष जवळजवळ नेहमी सुट्ट्यांच्या यादीत असतो.

ओळखायची खूण सांगते. १३ जानेवारीची यादी करून बघा. १० फेब्रुवारीचा शेवट विनाकारण ९ फेब्रुवारीला सरकलेला दिसेल तर समजा की कुणीतरी गांधी जयंती `02/10/2026` अशी टाइप केली आहे आणि शीटचं लोकेल अमेरिकेचं आहे. अमेरिकन पद्धतीत आधी महिना, म्हणून २ ऑक्टोबरचा १० फेब्रुवारी झाला. त्याच शीटमध्ये `01/05/2026` म्हणजे आपला महाराष्ट्र दिन ५ जानेवारीला जाऊन बसलेला असतो. `03/03/2026` मात्र दोन्हीकडे सारखाच वाचला जातो, म्हणून धुळवड बरोबर दिसते आणि कुणाला शंका येत नाही. आणि `14/04/2026` चा तर चौदावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख न होता नुसता मजकूर म्हणून पडून राहते.

मजकूर शोधायला हे पुरे आहे, उत्तर शून्य यायला हवं:

```
=COUNTA(Suttya)-COUNT(Suttya)
```

उलट्या झालेल्या तारखा मात्र यात सापडत नाहीत, कारण त्या तारखा म्हणून बिनचूक आहेत. त्यासाठी सुट्ट्यांच्या कॉलमशेजारी `=TEXT(F2,"dd mmm yyyy")` लावून महिना अक्षरात बघायचा. कायमचा इलाज म्हणजे सुट्टी `2026-10-02` अशीच टाइप करायची. गुगल शीट्समध्ये File मधल्या Settings मध्ये Locale भारताचं करून घ्यावं, पण आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा त्यानं सुधारत नाहीत. त्या पुन्हा टाइप कराव्याच लागतात.

दुसरा नेहमीचा दोष ओढण्याचा. `Suttya` हे नाव दिलेली रेंज आहे. नाव न देता कुणी `F2:F30` असं लिहिलं आणि फॉर्म्युला खाली ओढला, तर प्रत्येक ओळीत रेंजही एकेक ओळ खाली घसरते. बाविसाव्या ओळीत, जिथं दसऱ्याचा स्प्रिंट आहे, तिथं ती F22 पासून सुरू होते. दसरा त्याच्या वरच्या सेलमध्ये राहिला असेल तर शीटला तो दिसतच नाही. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत सगळं ठीक आणि दुसऱ्या सहामाहीत सुट्ट्या गायब, असं असेल तर आधी हे बघा. नाव द्या, नाहीतर `$F$2:$F$30` लिहा.

दुसरा-चौथा शनिवार सुट्टी आणि बाकीचे शनिवार चालू, अशी पद्धत असेल तर `WORKDAY` ला ते कळत नाही, तो सगळे शनिवार सुट्टीच धरतो. तिथं `WORKDAY.INTL` वापरून विकेंडचा कोड 11, म्हणजे फक्त रविवार, द्यायचा आणि सुट्टीचे शनिवार यादीत तारखेनिशी घालायचे:

```
=WORKDAY.INTL(B2+1,-1,11,Suttya)
```

E कॉलममध्येही मग `NETWORKDAYS.INTL` लागतो.

सुट्ट्या कुणाच्या?

इंटरनेटवरचं तयार "भारतातल्या सुट्ट्या" कॅलेंडर शीटमध्ये ओढून घेऊ नका. याच वर्षीची होळी बघा. केंद्राच्या यादीत रंगांची होळी ४ मार्चला, बुधवारी आहे, आणि महाराष्ट्राच्या यादीत धुळवड ३ मार्चला, मंगळवारी. नोएडाच्या टीमनं पाठवलेली यादी तशीच वापरली तर ६ जानेवारीच्या ठोक्यात आपलं ऑफिस बंद असताना स्प्रिंट संपणार.

राज्याच्या आतसुद्धा फरक असतो. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी मुंबई शहर आणि उपनगरात ५ सप्टेंबरवरून ८ सप्टेंबरला नेली गेली, बाकी जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली. आणि आपल्याकडचा १७ सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला आमचं ऑफिस बंद असतं, पुण्याची शाखा चालू. पुण्याहून त्या दिवशी सकाळी नेमानं फोन येतो, "अहो, स्टँडअपला कुणीच कसं नाही?" १९४८ सालापासून सुरुवात करून सांगावं लागतं.

म्हणून याद्या दोन ठेवा. एक आपल्या ऑफिसची, दुसरी आपली आणि ग्राहकाची एकत्र. शेवटाच्या दिवशी दोन्ही बाजूची माणसं लागतात, म्हणून C कॉलमला एकत्र यादी द्यायची. कामाचे दिवस मात्र आपले आपणच भरतो, म्हणून D आणि E ला फक्त आपली. ग्राहक बंद असताना आपलं कोडिंग थांबत नाही. हे दोन्ही एकाच यादीत कोंबलं की कामाचे दिवस उगाच कमी दिसतात.

चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सुट्ट्यांपुढे यादीत "तात्पुरती" असं लिहून ठेवावं. यंदाची ईद-ए-मिलाद २६ ऑगस्टला, बुधवारी धरली आहे, आणि आपला एक शेवट २५ ऑगस्टला आहे. ईद एक दिवस अलीकडे आली तर एकच सेल बदलायचा, शेवट २४ ला येईल आणि पुढचा एकही शेवट हलणार नाही.

तारीख जागेवर, पण स्प्रिंट पोकळ

E कॉलम कशासाठी ते नोव्हेंबरमध्ये कळतं. १७ नोव्हेंबरचा शेवट कुठल्याही सुट्टीवर येत नाही, त्यामुळे जुळत नसलेल्या ओळींच्या मोजणीत तो दिसतच नाही. पण तो स्प्रिंट ४ नोव्हेंबरला सुरू होतो. लक्ष्मीपूजन रविवारी, ८ तारखेला. ऑफिसनं ९ चा सोमवार दिला, १० ला पाडवा, ११ ला भाऊबीज. दहापैकी सात दिवस उरतात. गणपतीतही तसंच, ९ ते २२ सप्टेंबरच्या स्प्रिंटमधून १४ ची गणेश चतुर्थी आणि १७ तारीख गेली की आठ दिवस, आणि पुण्याच्या माणसांचे नऊ. एकाच स्प्रिंटला दोन गावांचे दोन आकडे असतील तर E चे दोन कॉलम करा, सरासरी काढू नका.

सात दिवस उरले तर मी स्प्रिंट चालवते, काम सत्तर टक्के घेते. पाच किंवा त्याहून कमी उरले तर तो स्प्रिंट पुढच्याला जोडून टाकते, पण मूळ तारखांचा B कॉलम तसाच ठेवून. त्या ओळीच्या C मध्ये "जोडला" असं लिहायचं आणि पुढच्या ओळीच्या D मध्ये आधीची सुरुवात हातानं टाकायची. इथं मात्र हात लावायला हरकत नाही, कारण B ला धक्का लागत नाही. फक्त वरची जुळणीची मोजणी ती ओळही धरेल, तेवढं लक्षात असू द्यावं.

रजा या यादीत घालायच्या नाहीत. महालक्ष्म्या आल्या की आमच्याकडे निम्मी टीम गावी असते, पोळ्याला शेती असलेले दोघं-तिघं हमखास नसतात. पण ऑफिस उघडं असतं, म्हणून ती सुट्टी नाही. रजा सुट्ट्यांत टाकल्या की स्प्रिंटचा शेवट कुणाच्या तरी गावी जाण्यावर हलायला लागतो. त्या प्लॅनिंगच्या वेळी माणसागणिक वजा करायच्या.

शेवटी जिरा. बोर्डाच्या सेटिंगमध्ये Working days म्हणून जागा आहे, तिथं सुट्ट्या भरल्या की बर्नडाउनमधली रेघ त्या दिवशी आडवी होते. तेवढंच. स्प्रिंटची शेवटची तारीख त्यानं हलत नाही. स्प्रिंट सुरू करताना "2 weeks" निवडलं तर ते सरळ चौदा दिवस मोजतं, दसरा असो की दिवाळी. तिथं Custom निवडून C कॉलममधली तारीख हातानं टाकायची, आणि वेळ रिव्ह्यूच्या वेळेनंतरची ठेवायची.